तीन रविवार, सात चेंडू: परदेशातल्या मराठी क्रिकेट क्लबात नव्या माणसाचं नेमकं काय होतं?

इंग्लंडमध्ये लंडनच्या पश्चिमेला आमचा मराठी मंडळींचा एक छोटा क्रिकेट क्लब आहे. सामने ठरवणं, मैदान भाड्याने घेणं आणि नव्या लोकांना बोलावणं ही तीन कामं गेली काही वर्षं माझ्याकडे आहेत. मी मूळचा नाशिकचा, आणि हिवाळ्यात तिकडे क्रिकेट बंद असताना घरी येतो. हे प्रकरण सुरू झालं इंग्लंडमध्ये, पण त्यातला गुंता सुटला नाशिकमध्ये. म्हणून इथल्या घरी बसूनच लिहून काढतोय.

एप्रिल २०२५ पर्यंत आमचं निमंत्रण तीन ओळींचं होतं: ‘मराठी क्रिकेटप्रेमींचं स्वागत. दर रविवारी मैत्रीपूर्ण सामना, दुपारी बारा. किट असल्यास आणावं.’ त्यात मला काही चुकीचं दिसत नव्हतं. लोक येत होते. दोन-तीन वेळा यायचे आणि मग दिसेनासे व्हायचे. आम्ही आपापसात म्हणायचो, ‘हौस होती, फिटली.’

२०२४ मध्ये आलेल्यांपैकी एक मुलगा सिडकोचा होता, म्हणजे आपल्या नाशिकच्या सिडकोचा. नोकरीसाठी नुकताच आलेला, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहिल्याच दिवशी सगळे त्याला ‘सिडको’ म्हणायला लागले आणि तेच नाव राहिलं. टेनिस बॉलवर वाढलेला, हात चांगला चालणारा मुलगा. तीन रविवार आला आणि चौथ्यापासून ‘काम आहे दादा’ सुरू झालं. तीनदा तेच उत्तर आल्यावर मी विचारणं सोडलं.

मग जानेवारी २०२५ मध्ये तो मला नाशिकला गोल्फ क्लबवर, म्हणजे अनंत कान्हेरे मैदानावर भेटला. तिथे महाराष्ट्र आणि बडोद्याचा रणजी सामना होता, अर्धं नाशिक कोवळं ऊन खात बसलेलं. हा घरच्या लग्नासाठी सुट्टीवर आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी सहज विचारलं, ‘काय रे, कंटाळलास का आम्हाला?’ तो थोडा वेळ मैदानाकडेच बघत राहिला. मग म्हणाला, ‘दादा, राग मानू नका. तीन रविवारांत सत्तावीस तास घराबाहेर होतो. सात बॉल खेळलो.’

मला ते पटलं नाही. सात म्हणजे काहीतरीच. आमचे स्कोअर फोनवरच असतात, तिथेच उघडून बघितले. सातच होते.

ते तीन रविवार असे गेले. २८ एप्रिलला परगावी सामना, ३५ षटकांचा. घरून सकाळी दहाला निघाला, संध्याकाळी सातला परत. आम्ही पहिली फलंदाजी घेतली, याला नवव्या क्रमांकावर ठेवलं. डाव पाच बाद १९८ वर संपला, याचा नंबर लागलाच नाही. मधल्या काळात आठ षटकं तो स्क्वेअर लेगला अंपायर म्हणून उभा होता, कारण तिकडे मैत्रीपूर्ण सामन्यात बहुतेक वेळा फलंदाजी करणाऱ्या संघातलीच माणसं अंपायरिंग करतात. मग ३५ षटकं क्षेत्ररक्षण, एका टोकाकडून फाइन लेग, दुसऱ्याकडून लाँग ऑन. एकच झेल आला, तो सुटला. बोट सुजलं ते वेगळंच. चेंडू शून्य, मैदानाचे आणि चहाचे दहा पाउंड, वर पेट्रोलचा वाटा.

पुढच्या रविवारी आठव्या क्रमांकावर गेला तेव्हा चार चेंडू उरले होते. एक खेळला, मग समोरच्याच्या हाकेवर धावला आणि धावबाद झाला. त्याला एक षटक टाकायला दिलं, त्यात चार वाइड गेले आणि कर्णधाराने चेंडू काढून घेतला. तिसऱ्या रविवारी आम्ही मोठ्या मनाने त्याला सहावा पाठवला. सहाव्या चेंडूवर मिड ऑफकडे सोपा झेल देऊन परत आला.

या शेवटच्या झेलाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथून जाणारा जवळजवळ प्रत्येक टेनिस बॉलवाला तिकडे असाच बाद होतो आणि स्वतःलाच दोष देतो. लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, साधा टेनिस बॉल साठ ग्रॅमच्याही आतला. टेनिस बॉलला लांब पाठवायचं तर पुढचा पाय बाजूला काढायचा आणि चेंडूच्या खालून बॅट जोरात न्यायची, ही सवय हाताला लागलेली असते. सिडकोच्या टणक मातीवर चेंडू कंबरेपर्यंत येतो, त्यामुळे ते जमतं. एप्रिल-मेमधली इंग्लंडची गवताची खेळपट्टी ओलसर असते. चेंडू टप्पा पडल्यावर थांबून येतो, कधी शिवणीवर पडून हलतो आणि उसळी गुडघ्याच्या वर जाईल याचा भरवसा नसतो. बॅट आधी फिरून जाते, चेंडू बॅटवर नीट बसत नाही आणि हवेत उडतो. जुलैत तीच खेळपट्टी वाळते आणि तोच फटका कधी कधी सीमापारही जातो. पण जुलैपर्यंत हा मुलगा टिकलाच नव्हता.

झेलाचंही तसंच. एप्रिलच्या दुपारी कधी कधी आठ-दहा अंश आणि वर वारा. डिसेंबरात पहाटे निफाडला उभं राहून कोणी जड चेंडू उंच मारावा आणि तुम्ही तासभर हात खिशात न घालता तो झेलायला थांबावं, असा तो प्रकार. टेनिस बॉल झेलताना हात ताठ ठेवले तरी दुखत नाही. लेदर बॉलला हात चेंडूबरोबर मागे न्यावे लागतात. हे त्याला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सामन्याआधी दहा मिनिटं झेल देणंही आम्हाला सुचलं नाही, कारण आम्ही गाड्या लावण्यात गुंतलो होतो.

पण हा झाला तंत्राचा भाग. खरं दुखणं सत्तावीस आणि सात या दोन आकड्यांमध्ये होतं.

त्या रात्री घरी हिशेब मांडला. ३५ षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला जास्तीत जास्त सात षटकं. म्हणजे पाच जण सात-सात टाकतात आणि डाव संपतो. यष्टिरक्षक धरून सहा जणांच्या हाती चेंडू येतच नाही. २१० चेंडूंपैकी बहुतेक पहिले चार-पाच फलंदाज खातात. मग अकरातले दोन-तीन जण असे उरतात, ज्यांना ना बॅट मिळते ना चेंडू. तिकडच्या क्लबांमध्ये याला ‘टीएफसी’ म्हणतात, ‘थँक्स फॉर कमिंग’. आल्याबद्दल आभार. आम्हीही ते हसत म्हणायचो. पण ती दोन-तीन माणसं चिठ्ठ्या टाकून ठरत नव्हती. कर्णधाराला ज्याचा खेळ माहीत नाही तो खाली जाणार, आणि नव्याचा खेळ कोणालाच माहीत नसतो. खाली गेला की खेळ दिसत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा खालीच. कर्णधाराच्या मनात खोट नव्हती. सामना जिंकायचा म्हटलं की कोणीही असाच क्रम लावेल.

मग २०२४ चे सगळे सामने उघडून बसलो. त्या मोसमात सात नवे लोक आले होते. पाच गेले, दोन टिकले. टिकलेले दोघेही गोलंदाज होते आणि पहिल्याच सामन्यात त्यांना किमान चार षटकं मिळाली होती. गेलेल्या पाचांपैकी एकानेही तीन सामने मिळून वीस चेंडू खेळले नव्हते. हौस फिटली म्हणायची सोय राहिली नाही.

सिडकोने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर. रविवारी हा नऊ तास बाहेर आणि बायको नव्या गावात, ओळखीचं कोणी नाही, फ्लॅटमध्ये एकटी. ‘मराठी लोक भेटतील म्हणून मी जात होतो दादा, आणि तिला सोडून जात होतो.’ यावर मला काही बोलता आलं नाही. आमच्या निमंत्रणात घरच्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्याचीही एक चूक होती, ती मी त्याला तिथेच सांगितली. बॅटिंग मागायला लाज कसली? पण तो म्हणाला, ‘मैदानावर मागावी लागत नाही ना. नंबर पडतात.’

नंबर पाडणं! मी ते विसरूनच गेलो होतो. लहानपणी मैदानावर बॅटिंगचा क्रम कर्णधार ठरवायचाच नाही. एक जण मातीत काडीने आडव्या रेघा ओढायचा, एका टोकाला आकडे लिहायचा आणि ते टोक बॅटखाली झाकायचा. बाकीचे दुसऱ्या टोकावर बोट ठेवायचे. बॅट उचलली की नंबर कळले. सगळ्यात चांगला खेळणारा शेवटी आला तर आला. पोरं विषम निघाली तर एक ‘कॉमन’, तो दोन्हीकडून बॅटिंग करायचा. कोण नवीन राहायला आलंय, कोणाला खेळता येतं, हा प्रश्नच नव्हता. हे सगळं आम्ही नाशिकमध्ये सोडून गेलो आणि तिकडे पांढरे कपडे घालून क्रम लावायला शिकलो.

त्याच्याशी बोलताना इनडोअर क्रिकेटची जोड्यांची पद्धत आठवली. त्यात आठ-आठ जणांचे संघ, १६ षटकांचा डाव. फलंदाज जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी चार षटकं खेळतेच, कितीही वेळा बाद झाली तरी. बाद झालं की पाच धावा वजा. आणि प्रत्येकाला दोन षटकं टाकावीच लागतात, आठ दुणे सोळा. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण बारा चेंडू बॅटिंगचे आणि बारा बोलिंगचे. जोड्या आणि क्रम नंबर पाडून ठरवायचे, हे आम्ही त्यात घातलं.

इंग्लंडमध्ये नेण्याआधी हे इथेच करून बघावं म्हणून त्या रविवारी सकाळी सिडकोतल्या एका मोकळ्या मैदानावर बारा जण जमवले. त्याचे जुने मित्र, माझा भाचा, मैदानाच्या कडेला उभी असलेली दोन पोरं. सहा-सहाचे संघ, तीन जोड्या, बारा षटकं, जड टेनिस बॉल. दोन उणिवा लगेच दिसल्या.

पहिली खोट वजाबाकीची. आमच्या दुसऱ्या जोडीने १४ धावा केल्या आणि चारदा बाद झाली. १४ वजा २०, म्हणजे उणे सहा. दोघांपैकी एक माझा भाचा, तो तोंड पाडून बसला. चार षटकं मिळाली याचा आनंद राहिला नाही, आपण संघाचं नुकसान केलं हेच मनात राहिलं. तेव्हा ठरलं की प्रत्येक संघाचा फलक १०० पासून सुरू करायचा. हिशेब तोच राहतो, पण उणे आकडा कोणाच्या नावासमोर मोठ्याने वाचला जात नाही. दुसरी खोट जास्त अवघड. जोडीत एक जण तयारीचा असेल तर तो प्रत्येक षटकाच्या शेवटच्या चेंडूवर एक धाव काढून स्ट्राइक स्वतःकडे ठेवतो. पहिल्या जोडीत एकाने चोवीसपैकी एकोणीस चेंडू खाल्ले. त्याला वाईट हेतू नव्हता, सवयच ती. यावर भाच्यानेच तोडगा काढला: जोडीच्या तिसऱ्या षटकाचा पहिला चेंडू, ज्याने तोपर्यंत कमी चेंडू खेळलेत त्याने खेळायचा. धावायची मजा राहते आणि वाटणीही बरीचशी सुधारते. पूर्ण समान होत नाही. तेवढं चालतं.

खेळून झाल्यावर मिसळ खाताना सिडकोने विचारलं, ‘तिकडे लेदरनेच खेळणार का?’ बरोबर होतं त्याचं. पहिल्याच दिवशी सुजलेलं बोट घेऊन घरी जाणारा माणूस दुसऱ्यांदा कशाला येईल? तिकडे मऊ गाभ्याचा चेंडू मिळतो. आकार लेदर बॉलचाच, वर उठलेली शिवण, पण आत मऊ. टप्पा आणि स्विंग यांची थोडी सवय होते, हाताला इजा होत नाही. हेल्मेट, पॅड, ग्लव्ह्ज क्लबच्या दोन पिशव्यांमध्ये असतातच. नव्याने काहीच विकत घ्यायची गरज नाही. आमच्या ‘किट असल्यास आणावं’ या ओळीचा अर्थ मात्र लोक ‘किट नसेल तर येऊ नये’ असा घेत होते, हे मला तोवर कळलं नव्हतं.

एप्रिल २०२५ मध्ये निमंत्रण नव्याने लिहिलं. ते असं:

‘महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्यातच सामना, सकाळी दहा ते साडेबारा. येणारा प्रत्येक जण जोडीने चार षटकं बॅटिंग करेल आणि दोन षटकं टाकेल. बाद झालात तरी परत जायचं नाही. क्रम नंबर पाडून. चेंडू मऊ असेल. किट क्लबचं, तुम्ही साधे रबरी तळाचे बूट घाला. विकेट कृत्रिम गवताची आहे, खिळ्यांचे बूट चालणार नाहीत. दोन स्वेटर आणा, एक लागेलच. स्टेशनवरून गाडीने घेऊन येऊ. घरचे आले तर उत्तम, साडेबाराला सगळे मिळून जेवू, प्रत्येकाने एक डबा आणावा. पहिल्या दिवशी पैसे नाहीत. लेदर बॉलचे पूर्ण दिवसाचे सामने इतर रविवारी असतात. त्यात यायचं की नाही ते दोन-तीनदा खेळल्यावर ठरवा.’

यातलं ‘साडेबारा’ सगळ्यात महत्त्वाचं, असं मला वाटतं. कधी सुटणार हे आम्ही पूर्वी कधीच लिहिलं नव्हतं. चार मिनिटांना एक षटक धरलं तर ३२ षटकं दोन तास आठ मिनिटांत होतात, मध्ये पाणी आणि बूट शोधणं धरून अडीच तास.

४ मे ला पंधरा जण आले, त्यात पाच नवे. पंधरा म्हणजे एक कॉमन लागणार. आमचा कर्णधारच कॉमन झाला आणि दिवसभर त्यावरून चेष्टा ऐकत राहिला. कृत्रिम गवतावर रेघा ओढता येत नाहीत, म्हणून कागदाच्या पट्ट्यांवर आकडे लिहून त्यांची टोकं बॅटखाली सरकवली. १ जूनचा सामना पावसात गेला, तरी नऊ घरं जेवायला जमली. ६ जुलैला अठरा जण होते, तेव्हा नऊ-नऊचे संघ करून प्रत्येक संघात एकाच माणसाला दोनदा खेळवावं लागलं आणि षटकांचा हिशेब बिघडला. सोळापेक्षा जास्त लोक आले की ही पद्धत ताणली जाते. वीसच्या पुढे दोन सामने लावावे लागतील आणि दुसरं मैदान त्या वेळी मिळेलच असं नाही.

जुन्या लोकांची कुरकूर झाली. ‘ही काय खरी मॅच?’ हे वाक्य मी निदान दहादा ऐकलं. त्यात तथ्यही आहे. पन्नास करण्याची मजा चार षटकांत येत नाही. नव्यांपैकी एक जण पुण्यात लेदर बॉलवर नियमित खेळलेला होता. तो एकदा आला, शांतपणे खेळला आणि म्हणाला की मला शनिवारची लीग हवी आहे. त्याला शेजारच्या क्लबच्या सचिवाशी जोडून दिलं. आमच्याकडे ठेवून त्याचा मोसम वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

पूर्ण दिवसाच्या सामन्यांसाठी मी एक साधी खूण ठरवून घेतली. रविवारी रात्री स्कोअर बघताना प्रत्येकाने खेळलेले आणि टाकलेले चेंडू मिळवायचे. लागोपाठ दोन सामन्यांत ही बेरीज बाराच्या खाली आली, तर तिसऱ्या सामन्यात तो माणूस पहिल्या चारात जाईल किंवा पहिल्या दहा षटकांत गोलंदाजी करेल. ठरवणार कर्णधार, पण दोनपैकी एक करावंच लागेल. यामुळे आम्ही एक सामना हरलो, असं कर्णधाराचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही. आमची तळाची फलंदाजी आधीपासूनच वाईट होती.

सिडको ४ मे ला बायकोला घेऊन आला. ती क्रिकेट बघणारी नव्हती, पण स्कोअरची वही तिच्याकडे आली आणि वजाबाकी तिला आमच्यापेक्षा पटकन जमू लागली. सप्टेंबरपर्यंत तो सहा पूर्ण सामने खेळला, बहुतेक सातव्या क्रमांकावर. मिड ऑफला अजून दोनदा सापडला. जुलैत एकदा तोच फटका गवताच्या कडेला असलेल्या झाडीत गेला आणि चेंडू शोधायला दहा मिनिटं गेली.

आता पुन्हा जानेवारी आहे, गंगापूर रोडवरच्या घरी मी यंदाच्या मोसमाचं निमंत्रण लिहायला घेतलंय. एका ओळीवर अडलोय. जुन्यांपैकी दोघांचं म्हणणं की बाद झाल्यावर पाच धावा वजा करणं जाचक आहे, तीन कराव्यात. सिडकोच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, पाचच ठेवा, तीनची वजाबाकी करायला वेळ लागतो.